अर्जात चलन आधी यावं, अकरा वर्षं नंतर

मॅडम, सप्रेम नमस्कार. 2008 ते मे 2014 मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये अकाउंट्स आणि एक्साइज बघत होते. बारा-चौदा जॉबवर्कर होते, महिन्याला चाळीसेक चलनं निघायची, दर शनिवारी मेळ घालायचा. शिवाय व्हॅटचं काम आणि टॅली. मग मुलगा झाला, पाठोपाठ मुलगी, पुढे सासूबाईंचं आजारपण. नोकरी सुटली ती सुटलीच. गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीचे हिशेब तेवढे ठेवते. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका कारखान्याची जाहिरात आली होती: ‘अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. जॉबवर्क चलन, ITC-04, 2B मेळ, टॅली प्राइम. अनुभव 3 ते 5 वर्षे.’ मी बायोडेटासोबत लिहिलं, ‘मी गेली अकरा वर्षे घरी असून आता मुले मोठी झाल्याने पुन्हा नोकरी करू इच्छिते. मी मेहनती व प्रामाणिक असून मला एक संधी द्यावी, ही विनंती.’ उत्तर आलं नाही. आता कुपवाडला तशीच जागा निघाली आहे. पण ज्या कायद्याखाली मी काम केलं तो कायदाच उरला नाही. अनुभव म्हणून लिहू तरी काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

ताई, नमस्कार.

कुपवाडच्या कुठल्याही मशिन शॉपच्या स्टोअर्समध्ये जाऊन उभ्या राहा. टेम्पो भरतोय आणि आतून कुणीतरी ओरडतंय, ‘अरे, सत्तावन्न एफ चार झालं का?’ हा एक्साइजचा नियम कागदावरून कधीच गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तरी जॉबवर्कच्या चलनाला शॉपवाले अजून ‘57F4’ च म्हणतात. आपलं कास्टिंग दुसऱ्याच्या लेथवर जातं आणि परत येतं, हा व्यवहार जसाच्या तसा आहे, म्हणून नावही टिकलं. तुमचा अनुभव त्या व्यवहारातला आहे. कायद्याचं नाव त्याला नंतर चिकटतं.

आता तुमची चिठ्ठी. मी मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढली आणि अशा चिठ्ठ्या ढिगाने वाचल्या. लहान कारखान्यात त्या मालक वाचतो किंवा अकाउंट्सचा प्रमुख, तेही मोबाईलवर, दोन फोनच्या मध्ये. पहिल्या दोन ओळी दिसतात. तुमच्या दोन ओळींत अकरा वर्षं आणि मुलं आहेत, चलन कुठेच नाही. ‘मेहनती व प्रामाणिक’ तर प्रत्येक अर्जात असतं, अप्रामाणिक माणूसही तेच लिहितो. वाचणाऱ्याला त्या वेळी एकच काळजी असते: 25 ऑक्टोबरच्या आत ITC-04, म्हणजे जॉबवर्कचं विवरण, भरायचं आहे आणि जॉबवर्करकडे नेमका किती माल पडलाय ते कुणालाच सांगता येत नाही. या बाईला ते सांगता येईल, असं तुमच्या चिठ्ठीतून त्याला कळायला हवं होतं.

म्हणून आधी जाहिरातीचा एकेक शब्द घ्या आणि त्यामागे रोजचं काम काय आहे ते बघा. जॉबवर्कपासून सुरुवात करू, कारण तुमची खरी शिल्लक तिथेच आहे.

तुमच्या काळी सेनव्हॅटच्या नियमात 180 दिवसांची मुदत होती. तेवढ्यात माल परत आला नाही तर त्यावर घेतलेलं क्रेडिट उलटवायचं, आणि माल आला की पुन्हा घ्यायचं. आता जीएसटी कायद्याच्या कलम 143 मध्ये कच्च्या मालाला एक वर्ष आणि भांडवली वस्तूंना तीन वर्षं आहेत. साचे, डाय, जिग-फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. मुदत चुकली तर परिणाम पूर्वीपेक्षा कडक आहे: माल ज्या दिवशी बाहेर गेला त्याच दिवशी तो जॉबवर्करला विकला असं धरतात आणि त्या दिवसापासूनच्या व्याजासह कर भरावा लागतो. गेलेल्या-आलेल्या मालाचं विवरण म्हणजे ITC-04. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ते सहामाही भरायचं, 25 ऑक्टोबर आणि 25 एप्रिलला. त्याखालच्यांना वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये.

मुदत बदलली, फॉर्म बदलला. पण शनिवारी तुम्ही काय करत होता? 120 कास्टिंग टर्निंगला गेली, 117 आली, मग तीन कुठे आहेत हे शोधत होता. लेथवर बिघडली की मुळात कास्टिंगमध्येच ब्लो होल होता? पहिलं असेल तर जॉबवर्करला डेबिट नोट, दुसरं असेल तर फाउंड्रीला. हे शोधणाऱ्या माणसालाच ITC-04 नीट भरता येतं, कारण फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या तीन कास्टिंगचा छडा लावायला सहा महिने जातात. चिठ्ठीत लिहायचा तो हा फरक. ‘चलन बनवत होते’ असं कुणीही लिहितं. ‘शिल्लक आणि रिजेक्शनचा चलनवार मेळ घालत होते’ असं लिहिलं की ज्याने हे काम केलंय तो वाचताना थांबतो.

दुसरा शब्द, 2B मेळ. व्हॅटच्या ऑडिटला जोडायचं जे-2 तुम्हाला आठवत असेल. कोणत्या पुरवठादाराकडून, कोणत्या टिन नंबरवर, किती खरेदी. समोरच्याच्या जे-1 मध्ये तीच रक्कम नसली की आपला सेट-ऑफ अडकायचा. GSTR-2B म्हणजे तेच, फक्त वर्षाअखेरीऐवजी दर महिन्याला. पुरवठादार 11 तारखेपर्यंत आपली विक्री भरतो, 14 तारखेला आपलं 2B तयार होतं, आणि 20 तारखेच्या रिटर्नआधी ते खरेदी रजिस्टरशी जुळवायचं. 2022 पासून तर जे बिल पुरवठादाराने दाखवलं नाही त्याचं क्रेडिटच मिळत नाही. मग त्याला फोन करायचा, गोडीने बोलायचं, बिल चढवून घ्यायचं. हे फोन तुम्ही 2012 मध्येही करत होता. फरक इतकाच की तेव्हा वर्षातून एकदा भांडण व्हायचं, आता बारा वेळा.

टॅलीची गोष्ट छोटी आहे. तुमची ईआरपी 9 होती, 2020 च्या शेवटी प्राइम आलं. पडदा वेगळा दिसतो, नोंदीची रीत तीच आहे. चार दिवसांत हात बसतो.

जे जुळत नाही तेही जाणून ठेवा. ई-वे बिल 2018 ला आलं, तुम्ही ते कधी काढलेलं नाही. ई-इन्व्हॉइसचंही तसंच. ही दोन्ही कामं शिकायला सोपी आहेत, पण ‘जीएसटीचे संपूर्ण ज्ञान’ असं एक वाक्य टाकून ती झाकायला जाऊ नका. पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग खऱ्या सहा वर्षांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्ज पाठवण्याआधी मात्र आठवडाभर हाताने काम करा. जीएसटी पोर्टलवर ITC-04 चं ऑफलाइन टूल फुकट उतरवून घेता येतं, एक्सेलची फाइल आहे. टॅली प्राइम शैक्षणिक मोडमध्ये पैसे न भरता चालतं. त्यात नोंदी महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं. वहीत मनाने पाच चलनं तयार करा आणि दोन्हीकडे चढवा. सोपी चलनं घेऊ नका, ज्यात घोळ होतो तीच घ्या.

एक चलन असं घ्या: प्रत्येकी 8 किलोची 50 कास्टिंग टर्निंगला पाठवली. स्टोअर्सवाल्याने चलनावर वजन लिहिलं, 400 किलो. मशिनिंग होऊन एक नग साडेसहा किलोचा झाला, म्हणजे परत आले 325 किलो. पन्नासच्या पन्नास कास्टिंग रॅकवर आहेत, पण कागदावर 75 किलो माल जॉबवर्करकडे पडून आहे. ते 75 किलो म्हणजे छिलका. ITC-04 मध्ये घट आणि वाया गेलेल्या मालासाठी वेगळा रकाना आहे, छिलका तिथे जायला हवा. आणि जाताना किलो लिहिले असतील तर येतानाही किलोच लिहायचे. मी स्वतः एका कारखान्यात नवी असताना जाताना किलो आणि येताना नग असं तीन महिने लिहिलं होतं. ऑडिटला आलेल्या माणसाने शांतपणे विचारलं, ‘मॅडम, चारशे किलोतून पन्नास नग वजा केले की काय उरतं?’ त्या रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून मी चलनं उपसली.

दुसरं चलन असं: माल टर्निंगवाल्याकडून परस्पर ग्राइंडिंगवाल्याकडे गेला आणि तिथून तुमच्याकडे आला. म्हणजे ज्याला पाठवला त्याच्याकडून परत आलाच नाही. याला ITC-04 मध्ये तक्ता 5B आहे. सरळ परत आलेला माल 5A मध्ये जातो. कुपवाडात निम्मा माल असाच परस्पर फिरतो, त्यामुळे हा तक्ता भरलेला असणं फार बोलकं असतं. ही सरावाची फाइल छापून घ्या, मुलाखतीला न्या. प्रमाणपत्रापेक्षा तिच्यावर जास्त बोलणं होईल.

आता चिठ्ठी. जाहिरात मराठीत आहे, तर मराठीतच लिहा. इंग्रजी जाहिरात असती तर साध्या इंग्रजीत. आकडे मी तुमच्या पत्रातलेच घेतले आहेत. सराव झाल्यावरच ही पाठवायची, कारण शेवटचा परिच्छेद तोवर खोटा आहे.

> विषय: अकाउंट्स असिस्टंट (जॉबवर्क व जीएसटी) पदासाठी अर्ज
>
> महोदय,
>
> आपल्या जाहिरातीतील पहिले काम जॉबवर्क चलनांचे आहे. कुपवाड एमआयडीसीतील एका मशिन शॉपमध्ये 2008 ते 2014 या काळात मी हेच काम पाहत होते. बारा ते चौदा जॉबवर्करकडे महिन्याला सुमारे चाळीस चलनांवर माल जात असे. गेलेला माल, आलेला माल, रिजेक्शन आणि शिल्लक यांचा चलनवार मेळ मी दर शनिवारी घालत असे व मुदत जवळ आलेल्या चलनांचा पाठपुरावा करत असे.
>
> खरेदीच्या बाजूला व्हॅटच्या जे-2 साठी पुरवठादारांची बिले खरेदी रजिस्टरशी जुळवणे आणि फरक असल्यास पुरवठादाराशी बोलून तो मिटवणे हे काम माझ्याकडे होते. 2B चा मेळ हे त्याच कामाचे दरमहाचे रूप आहे, असे मी समजते.
>
> मे 2014 पासून मुलांच्या संगोपनासाठी मी नोकरीत नव्हते. गेली तीन वर्षे आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब विनामोबदला ठेवत आहे. आता पूर्ण वेळ काम करू शकते.
>
> जीएसटी लागू झाल्यानंतर मी नोकरीत काम केलेले नाही. सरावासाठी पोर्टलच्या ऑफलाइन टूलमध्ये ITC-04 भरले आहे आणि टॅली प्राइममध्ये जॉबवर्कच्या नोंदी केल्या आहेत. ई-वे बिल प्रत्यक्ष काढलेले नाही. सरावाची फाइल भेटीच्या वेळी सोबत आणीन.
>
> आपली विश्वासू,

‘मुदत जवळ आलेल्या चलनांचा पाठपुरावा’ हे तुम्ही खरंच करत असाल तरच ठेवा. ते काम तेव्हा दुसरं कुणी करत असेल तर ओळ काढा. मेळाचं वाक्य एकटंही पुरेसं आहे.

अकरा वर्षं तिसऱ्या परिच्छेदात, एका ओळीत. लपवायची नाहीत, कारण बायोडेटात तारखा आहेतच आणि गाळलं तर वाचणारा आपल्या मनाने काहीतरी भरतो. पण माफीही मागायची नाही. सासूबाईंचं आजारपण लिहू नका. ते खरं आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं की उद्या पुन्हा घरात कुणी आजारी पडलं तर? मुलांची इयत्ता लिहायचीही गरज नाही. ‘पूर्ण वेळ काम करू शकते’ या पाच शब्दांत त्याला हवं ते सगळं आलं. फक्त ते लिहिण्याआधी घरात बोलून घ्या. 18 ते 20 तारीख आणि ऑक्टोबरचा चौथा आठवडा, या दिवसांत अकाउंट्सचं माणूस सहाला घरी पोचत नाही. त्या संध्याकाळी मुलांना क्लासवरून कोण आणणार हे आजच ठरवा.

सोसायटीच्या हिशेबांना एक वाक्य, त्याहून जास्त नाही. मेंटेनन्सची बिलं, बँकेचा मेळ, ऑडिटरला कागद देणं हे खरं काम आहे आणि तुमची सवय मोडलेली नाही एवढं त्यातून दिसतं. हल्ली काही जण घर सांभाळण्यालाच ‘गृह वित्त व्यवस्थापक’ असं पद लावून अनुभवात लिहितात. वाचणारा हसतो, आणि ते हसू चांगलं नसतं.

ई-वे बिल काढलेलं नाही हे स्वतःहून का लिहायचं, असं तुमचे यजमान विचारतील. माझ्या अनुभवात त्या एका ओळीने वरच्या सगळ्या ओळी खऱ्या वाटू लागतात. शिवाय ई-वे बिल शिकवायला कारखान्याला एक दुपार लागते. रिजेक्शनचा माग काढायला शिकवायचं तर वर्ष जातं, हे समोरच्यालाही माहीत आहे.

पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली नसेल तर चिठ्ठीत घालू नका. जुन्या कारखान्याचं अनुभवाचं पत्र आहे का ते मात्र आज शोधा. नसेल तर त्या काळची पगाराची पावती किंवा फॉर्म 16 चालेल. आणि तुमचे जुने साहेब हयात, फोन उचलणारे असतील तर त्यांना आधी कळवून ठेवा. सांगली-मिरजेत लोक अर्ज वाचून पहिला फोन ओळखीच्या माणसालाच लावतात.

मुलाखतीत एक प्रश्न येण्याची शक्यता आहे, कारण मी स्वतः तो विचारायचे: ‘180 दिवस म्हणजे काय?’ तुमच्या तोंडून पटकन जॉबवर्क निघेल. थांबा. जीएसटीतही 180 दिवस आहेत, पण ते दुसरीकडे: पुरवठादाराचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर त्या बिलावरचं क्रेडिट उलटवावं लागतं. जॉबवर्कला आता एक वर्ष. ‘आमच्या वेळी जॉबवर्कला 180 होते, आता ते पुरवठादाराच्या पैशाला आहेत,’ असं उत्तर दिलंत तर जुनं आणि नवं दोन्ही एका वाक्यात सांगून झालं.

चिठ्ठी ई-मेलच्या मजकुरातच लिहा, जोडपत्र म्हणून नको, कारण मोबाईलवर जोडपत्र उघडायचा लोक कंटाळा करतात. बायोडेटाच्या फाइलला तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या. 11 ते 20 तारखेच्या दरम्यान पाठवू नका, त्या दिवसांत अकाउंट्समध्ये कुणी मान वर करत नाही. 22 ला सकाळी पाठवा, आणि चार दिवसांत काही आलं नाही तर दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसला फोन करून अर्ज मिळाला का एवढंच विचारा.